गेटवरची नोटीस आणि पगाराचा हक्क

सप्टेंबर १९८४ मध्ये मुंबईत चर्चगेटच्या एका कार्यालयाला कुलूप लागलं. एस. जी. केमिकल्स अँड डाईज ट्रेडिंग या कंपनीचा विक्री विभाग तिथे होता आणि ८४ माणसं कामाला होती. कंपनीचा औषधांचा विभाग वरळीला होता आणि रंगांचा कारखाना ट्रॉम्बेला. विक्रीचं काम आता या पद्धतीने चालवायचं नाही, असं मालकांनी ठरवलं, साठ दिवसांची नोटीस दिली आणि मुदत संपताच कार्यालय बंद केलं. कायदा त्या वेळी सांगत होता की शंभर किंवा अधिक कामगार असलेला उद्योग सरकारच्या परवानगीशिवाय बंद करता येणार नाही. कंपनीचं म्हणणं सरळ होतं: आमच्याकडे इथे ८४ आहेत, शंभर नाहीत. नोटीस दिली, भरपाई देतो, विषय संपला.

युनियन हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत घेऊन गेली आणि १९८६ मध्ये जिंकली. न्यायालयाने विचारलं की चर्चगेटला विकलं काय जात होतं? ट्रॉम्बेला तयार होणारा माल. म्हणजे एक हात माल बनवतो, दुसरा विकतो, आणि एकावाचून दुसरा चालत नाही. मग डोकी वेगवेगळी का मोजायची? दोन्ही ठिकाणचे कामगार एकत्र धरले तर आकडा शंभराच्या वर जात होता. त्यामुळे परवानगी हवी होती आणि ती मागितलीच नव्हती. कार्यालयाला टाळं असलं तरी कायद्याच्या लेखी ते बंद झालेलंच नाही, आणि ते ८४ जण नोकरीतच आहेत, असा निष्कर्ष निघाला. नोकरीत आहेत म्हटल्यावर त्यांचा पूर्ण पगारही चालू.

कारखाना बंद पडल्यावर कामगाराला काय मिळतं, याचं उत्तर या एका निकालात बरंचसं सापडतं. गेट बंद दिसलं म्हणजे हक्क संपला असं नसतं. बंद कोणत्या प्रकारचा आहे, त्याला परवानगी लागत होती का, आणि लागत असेल तर ती मिळाली होती का, या तीन प्रश्नांवर पगार ठरतो. नोटिशीवर मालकाने वर काय शीर्षक छापलंय याला न्यायालय फारसं महत्त्व देत नाही.

बाहेरून एकसारखे दिसणारे बंद कायद्यात तीन प्रकारचे आहेत. कच्चा माल, कोळसा किंवा वीज नाही, यंत्र मोडलं, मालाचा साठा तुंबला, म्हणून मालक काही दिवस काम देऊ शकत नाही, तो ले-ऑफ. मालक आणि कामगारांत वाद आहे, आणि कामगारांनी आपलं म्हणणं मान्य करावं म्हणून मालकच गेट लावून घेतो, ती टाळेबंदी, म्हणजे लॉकआउट. संपाचं हत्यार कामगारांच्या हातात असतं, तसं हे मालकाच्या हातातलं. आणि धंदाच कायमचा गुंडाळला जातो, ती बंदी, म्हणजे क्लोजर. टाळेबंदीत कामाची जागा बंद होते, बंदीत धंदा संपतो, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच एक्सप्रेस न्यूजपेपर्सच्या खटल्यात स्पष्ट केला होता.

ले-ऑफचा हिशेब सर्वांत सोपा आहे. पन्नास किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात, वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला साप्ताहिक सुट्ट्या वगळून ले-ऑफच्या प्रत्येक दिवसासाठी मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळते. मात्र एक अट अनेकांना ठाऊक नसते, आणि तिथेच पैसे बुडतात. ठरलेल्या वेळी रोज एकदा कारखान्यात हजेरी लावावी लागते. काम नाही म्हणून गावी गेलेल्या माणसाची हजेरी मस्टरवर नसली की मालकाला भरपाई नाकारायला आयतं कारण मिळतं.

टाळेबंदीचं प्रकरण मात्र गुंतागुंतीचं आहे, आणि सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहेत. टाळेबंदीला सरकारची परवानगी लागत नाही, लागते ती नोटीस. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा मागे पडला. जुन्या कायद्यात ही नोटीस पाणी, वीज, वाहतूक अशा सार्वजनिक सेवांपुरती होती. महाराष्ट्रात १९७१ च्या कामगार संघटना मान्यता आणि अनुचित प्रथा प्रतिबंध कायद्यामुळे ती इतर उद्योगांनाही लागत होती. नव्या संहितेत ती सगळ्यांना लागते. आधी नोटीस द्यायची, तिच्यानंतर चौदा दिवस गेट लावायचं नाही, आणि नोटिशीपासून साठ दिवस उलटले तर पुन्हा नवी नोटीस द्यायची. समेट अधिकाऱ्यासमोर बोलणी चालू असताना आणि ती संपल्यावर सात दिवस टाळेबंदी करता येत नाही. न्यायाधिकरणापुढे वाद असताना आणि त्यानंतर साठ दिवसही करता येत नाही. यातली एखादी अट मोडली की टाळेबंदी बेकायदा ठरते. बेकायदा संपाला उत्तर म्हणून केलेली टाळेबंदी मात्र केवळ या अटींमुळे बेकायदा ठरत नाही.

आता पगाराचं काय? टाळेबंदीच्या काळात अमुक टक्के पगार द्या, असं कलम कायद्यात कुठेही नाही. नियम घडला तो निकालांतून. टाळेबंदी बेकायदा असेल तर पूर्ण पगार. कायदेशीर असली आणि तिला सबळ कारण असलं, उदाहरणार्थ कारखान्यात मारहाण किंवा मोडतोड झाली असेल, तर पगार नाही. पण कायदेशीर असूनही कारण पुरेसं नसेल, म्हणजे नुसता दबाव टाकण्यासाठी गेट लावलं असेल, तर पगार द्यावा लागू शकतो. आणि बरेचदा चूक दोन्हीकडे असते. १९६३ च्या इंडिया मरीन सर्व्हिसच्या खटल्यात कामगारांनी अचानक आणि अयोग्य संप केला होता, म्हणून मालकांनी गेट लावणं सुरुवातीला समर्थनीय होतं. पण नंतर त्यांनी ते इतकं लांबवलं की त्यांचीही बाजू कमजोर झाली. सर्वोच्च न्यायालयाने दोष वाटून दिला आणि निम्मा पगार द्यायला लावला. तेव्हापासून हा निम्म्याचा मार्ग न्यायाधिकरणं वारंवार अवलंबत आली आहेत. म्हणून टाळेबंदी सुरू होते त्या दिवसापेक्षा नंतरचे आठवडे जास्त महत्त्वाचे असतात. कामगार कामावर यायला तयार आहेत असं लेखी पत्र युनियनने दिलं, ते कामगार उपायुक्तांकडे पोहोचलं, आणि तरीही मालकाने गेट उघडलं नाही, तर त्या तारखेपासून पुढचा दोष मालकाच्या खात्यात जाऊ लागतो. ते पत्र देताना पोच घेणं फार गरजेचं आहे.

टाळेबंदीत ले-ऑफची निम्मी भरपाई मिळेल, ही आशाही खोटी आहे. निलगिरीतल्या कैरबेट्टा इस्टेट या मळ्याच्या व्यवस्थापकावर १९५७ मध्ये हल्ला झाला. कर्मचारी घाबरले, आणि मळ्याचा तो भाग काही आठवडे बंद ठेवण्यात आला. मजुरांनी नंतर ले-ऑफची भरपाई मागितली. १९६० मध्ये न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी निकाल दिला की ही टाळेबंदी होती, ले-ऑफ नव्हे, त्यामुळे ती भरपाई मिळणार नाही. अर्जात चुकीचा प्रकार लिहिला गेला की हातची केस जाते, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.

कधी टाळेबंदीच्या पडद्याआड कायमची बंदी चाललेली असते. महिने उलटतात, मालक मागण्यांवर बोलायला येत नाही, रात्री ट्रकमधून यंत्रं बाहेर जातात, विजेची जोडणी तोडली जाते, ऑर्डर दुसऱ्या कारखान्याकडे वळतात. वाद मिटवायचा असेल तर मालकाच्या काही अटी असतात. अटीच नसतील तर धंदा संपवायचा विचार आहे असं समजावं. यंत्रांचे फोटो, ट्रकच्या तारखा आणि नंबर, वीज कंपनीकडची माहिती युनियनने तेव्हाच गोळा करावी, कारण दोन वर्षांनी न्यायालयात हे सगळं आठवून सांगायला कोणी उरत नाही.

आता कायमच्या बंदीकडे येऊ. परवानगीचं कलम १९७६ मध्ये आणीबाणीत आलं, तेव्हा तीनशे कामगारांची मर्यादा होती. मुंबईच्या एक्सेल वेअर या कपडे शिवणाऱ्या कारखान्याने त्याला आव्हान दिलं, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं, कारण तोट्यातला धंदाही सरकारने नकार दिला की चालवतच राहावा लागत होता आणि दाद मागायला जागा नव्हती. पुढे सरकारला कारणं द्यायला लावणारं, फेरविचाराची सोय असलेलं सुधारित कलम १९८४ पासून लागू झालं, आणि मर्यादा शंभरावर आली. एस. जी. केमिकल्सची केस उभी राहिली ती याच शंभराच्या आकड्यावर. नव्या संहितेने ती मर्यादा पुन्हा तीनशे केली आहे, आणि आवश्यकता वाटल्यास सरकार ती अधिसूचनेने आणखी वाढवू शकतं.

तीनशे मोजायचे कसे? मागच्या बारा महिन्यांत कामाच्या दिवसाला सरासरी किती कामगार होते ते पाहतात. परवानगीचा हा भाग फक्त कारखाने, खाणी आणि मळे यांना लागतो. दुकान, हॉटेल किंवा नुसतं कार्यालय कितीही मोठं असलं तरी त्याला लागत नाही. एस. जी. केमिकल्सच्या कार्यालयाला तो लागला, कारण ते कारखान्याशी जोडलेलं होतं. आकड्यावरच भांडण होतं हे ठाऊक असल्याने तो आधीच खाली आणला जातो. बंदीच्या वर्षभर आधी स्वेच्छानिवृत्तीच्या योजना येतात, काही विभाग दुसऱ्या नावाच्या कंपनीकडे जातात, कायम कामगारांच्या जागी कंत्राटदाराची माणसं दिसू लागतात. म्हणून हजेरीपत्रकाची किंवा भविष्यनिर्वाह निधीच्या मासिक विवरणाची वर्षभराची नोंद युनियनकडे असणं, हीच या लढाईची खरी शिदोरी.

तीनशे किंवा अधिक कामगार असतील तर रस्ता असा. मालकाने ठरवलेल्या तारखेच्या किमान नव्वद दिवस आधी राज्य सरकारकडे कारणांसह अर्ज करायचा आणि त्याची प्रत त्याच वेळी कामगारांच्या प्रतिनिधींना द्यायची. सरकारने चौकशी करायची, दोघांचं ऐकायचं, आणि लेखी कारणं देऊन मंजुरी किंवा नकार द्यायचा. अर्जानंतर साठ दिवसांत सरकारने आदेश कळवला नाही, तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. नकार एक वर्ष टिकतो, त्यावर फेरविचार किंवा न्यायाधिकरणाकडे संदर्भ होऊ शकतो.

हे साठ दिवस म्हणजे कामगारांसाठी सर्वांत धोक्याचा काळ. २०२५ च्या जून महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने हरिनगर शुगर मिल्सच्या बिस्किट विभागाच्या प्रकरणात हेच दाखवून दिलं. हा विभाग तीस वर्षांहून अधिक काळ ब्रिटानियासाठी बिस्किटं बनवत होता. ब्रिटानियाने करार संपवला आणि हातात काम उरलं नाही. कंपनीने २८ ऑगस्ट २०१९ रोजी महाराष्ट्र सरकारकडे परवानगीचा अर्ज केला. सप्टेंबरमध्ये उपसचिवांनी पत्र पाठवलं की अर्जात माहिती अपुरी आहे, कारणं नीट सांगा आणि पुन्हा सादर करा. कंपनीने उत्तर दिलं, पण साठ दिवसांत सरकारचा आदेश निघाला नाही. मग कंपनी म्हणाली की मुदत उलटली, परवानगी मिळालीच आहे. सरकारचं म्हणणं होतं की अर्ज अपूर्ण असताना मुदत सुरूच झाली नव्हती. मुंबई उच्च न्यायालयात कंपनीला यश आलं नाही, पण सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला. पहिला अर्ज पुरेसा होता, निर्णय घेण्याचा अधिकार उपसचिवांना नव्हता, आणि मंत्र्यांनी आपलं डोकं लावून मुदतीत काही ठरवलं नव्हतं. साठ दिवस २७ ऑक्टोबर २०१९ ला भरले आणि त्या दिवशी परवानगी मिळाल्याचं मानलं गेलं. कामगारांसाठी कंपनीने आधी देऊ केलेल्या रकमेत न्यायालयाने पाच कोटींची भर घातली, एवढंच त्यांच्या पदरात पडलं.

यातून मला जे दिसतं ते स्पष्ट लिहितो. त्या काळात सरकारी कचेरीत एक पत्र फिरत होतं आणि कामगारांचं भवितव्य त्याच्यामागून सरकत होतं. अर्जाची प्रत हाती पडताच युनियनने साठाव्या दिवसाची तारीख काढून भिंतीवर लिहावी. पहिल्या पंधरवड्यातच लेखी हरकत दाखल करावी, सुनावणीची मागणी करावी, आणि चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास मंत्रालयात जाऊन आदेश कुठे अडलाय ते विचारावं. सरकारी उशिराचा फायदा इथे मालकाला होतो, कामगाराला नाही.

पैशांत हा फरक किती पडतो ते एका उदाहरणाने पाहू. पुण्याजवळच्या एखाद्या कारखान्यातला एक फिटर धरू. महिन्याचं वेतन २४,००० रुपये, नोकरी अठरा वर्षं सात महिने. परवानगी घेऊन कारखाना बंद झाला, तर प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचं सरासरी वेतन मिळतं, आणि सहा महिन्यांपेक्षा जास्तीचा भाग एक वर्ष मानतात. म्हणजे एकोणीस वर्षं. सरासरी वेतन मागच्या तीन पूर्ण महिन्यांवरून काढतात, आणि या भरपाईत महिना तीस दिवसांचा धरतात. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ते नक्की केलं आहे. म्हणून पंधरा दिवस म्हणजे १२,००० रुपये, गुणिले एकोणीस, २,२८,००० रुपये. ग्रॅच्युइटी वेगळी असते आणि तिथे महिना सव्वीस दिवसांचा असतो, त्यामुळे ती २,६३,००० च्या आसपास जाते. हिशेब करताना दोन्हीकडे सव्वीस किंवा दोन्हीकडे तीस लावणं ही नेहमीची चूक.

आता समजा त्याच कारखान्याने परवानगी न घेताच गेट लावलं. मग बंदी पहिल्या दिवसापासून बेकायदा, आणि कारखाना बंद झालाच नसता तर कामगाराला जे मिळालं असतं ते सगळं त्याला मिळायला हवं. गेट चौदा महिने बंद राहिलं, तर २४,००० प्रमाणे ३,३६,००० रुपये होतात, आणि नोकरीची वर्षंही चालूच राहतात, त्यामुळे ग्रॅच्युइटीही वाढते. परवानगी मागितली पण नाकारली गेली आणि तरीही कारखाना बंद केला, तरी हेच. संहितेत याशिवाय एक लाखापासून दहा लाखांपर्यंत दंड आहे.

पन्नास ते दोनशे नव्व्याण्णव कामगारांच्या कारखान्यात मात्र सगळं बदलतं. तिथे सरकारला साठ दिवस आधी नोटीस द्यायची, परवानगी नको. पंधरा दिवसांची भरपाई आणि एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार इथेही मिळतो, पन्नासपेक्षा कमी असतील तरीही. मालकाच्या ताब्यात नसलेल्या कारणाने कारखाना बंद पडला, तर भरपाई तीन महिन्यांच्या सरासरी वेतनापुरती मर्यादित होते. नुसता तोटा, पडून राहिलेला माल किंवा संपलेला भाडेपट्टा मात्र असं कारण मानलं जात नाही. पण भरपाई दिली नाही म्हणून बंदी बेकायदा ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्येच सांगितलं आहे. म्हणजे पगार चालू राहण्याचा दावा इथे करता येत नाही, भरपाई वसूल करावी लागते, एवढंच. शंभरावरून तीनशेवर मर्यादा जाण्याचा अर्थ हा आहे. शंभर ते तीनशेच्या मधल्या कारखान्यांतल्या कामगारांच्या हातून पगाराचा सर्वांत मजबूत दावा गेला. मला हा बदल कामगारांवर अन्याय करणारा वाटतो, कारण मधल्या आकाराच्या कारखान्यातला कामगार दुसरीकडे सहज सामावला जाईल असं मानायला काहीच आधार नाही. तारीखही पाहावी: २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधी झालेल्या बंदीला त्या वेळचा कायदा आणि शंभराचीच मर्यादा लागते.

वसुली हा वेगळाच टप्पा. देय रक्कम ठरलेली असेल तर सरकारकडे अर्ज करता येतो, आणि प्रमाणपत्र मिळालं की जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतो. रक्कमच वादात असेल तर आधी न्यायाधिकरणाकडून ती ठरवून घ्यावी लागते. कंपनी दिवाळखोरीत गेली तर या वाटा थांबतात. दिवाळखोरी संहितेप्रमाणे स्थगिती लागते आणि दावा रिझोल्युशन प्रोफेशनलकडे किंवा पुढे लिक्विडेटरकडे नोंदवावा लागतो. अवसायनात कामगारांच्या आधीच्या चोवीस महिन्यांच्या थकबाकीला तारणधारक बँकांच्या बरोबरीचं स्थान आहे, त्यापलीकडची रक्कम खाली ढकलली जाते. म्हणून पाच वर्षं बंद असलेल्या गेटासमोर बसून राहिलेल्या कामगाराचा दावा कागदावर कितीही मोठा झाला, तरी बँकांच्या पंक्तीला बसतो तो चोवीस महिन्यांचाच. पगाराच्या पावत्या, नेमणुकीचं पत्र आणि पासबुकाच्या नोंदी जपून ठेवलेल्या कामगाराचा दावा तिथे मुदतीत आणि पुराव्यानिशी दाखल होतो.